शेड्यूलमधले अकरा दिवस: चालू पॉलिसीत बाळाचा समावेश करण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण नवी मुंबईतल्या एका कुटुंबाचं आहे. माणसांची नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि हिशेब डोक्यात करता यावा म्हणून रकमा थोड्या गोल केल्या आहेत. मी ठाण्यात आरोग्य विम्याचं काम करतो. हे प्रकरण माझ्याकडे बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच आलं आणि पुढचे चार-पाच महिने अधूनमधून माझ्या टेबलावर होतं.

पार्श्वभूमी

निखिल आणि मधुरा कोपरखैरण्यात राहतात. निखिल ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत, मधुरा वाशीतल्या शाळेत शिक्षिका. दोघांची २०२१ पासूनची स्वतःची फॅमिली फ्लोटर पॉलिसी होती, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम, १० लाख. चालू वर्ष १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२६. या पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च मिळत नव्हता आणि नवजात बाळाला वयाचे ९० दिवस पूर्ण झाल्यावरच घेता येत होतं. तेही वर्षाच्या मध्ये घ्यायचं तर ९० दिवस पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज हवा, नाहीतर थेट पुढच्या नूतनीकरणाला.

याशिवाय निखिलच्या कंपनीची गट पॉलिसी होती. रक्कम फक्त ३ लाख, पण त्यात बाळंतपण होतं आणि बाळाला जन्माच्या दिवसापासून संरक्षण होतं. अट एकच, जन्मापासून ३० दिवसांत कंपनीच्या पोर्टलवर बाळाची नोंद व्हायला हवी. ही मुदत प्रत्येक कंपनीच्या करारात वेगळी असते, कुठे १५ दिवस, कुठे ४५. त्यामुळे शेजारच्या क्युबिकलमधल्या माणसाचा जुना अनुभव इथे उपयोगाचा नसतो.

मुलगी झाली १८ ऑक्टोबर २०२५ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी. चौथ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून बाळाला दोन दिवस निळ्या प्रकाशाखाली, म्हणजे फोटोथेरपीत ठेवलं. नवजात बाळांत हे नेहमीचं. तो खर्च आईच्या बिलासोबत गट पॉलिसीतून गेला आणि सगळे घरी आले. पुढे या दोन दिवसांचा संबंध पुन्हा येणार आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

पहिला निर्णय: नाव नसताना नोंद करायची का?

गट पॉलिसीची ३० दिवसांची मुदत १७ नोव्हेंबरला संपत होती. दिवाळीत एचआरचं कामकाज बंद, महापालिकेचं कार्यालय बंद, आणि आजीच्या इच्छेनुसार बारसं नोव्हेंबरच्या शेवटी सातारला ठरलेलं. म्हणजे मुदत संपेपर्यंत बाळाला नावच नसणार. निखिलचा पहिला विचार असा की थांबू, नाव ठेवल्यावर सगळीकडे एकदाच नोंद करू.

इथे थांबण्यात धोका होता आणि थांबायची गरजही नव्हती. रुग्णालय जन्माची खबर महापालिकेला देतं, त्यासाठी कायद्यात २१ दिवसांची मुदत आहे, आणि जन्म दाखला बाळाच्या नावाशिवायही मिळतो. त्यावर जन्मतारीख, लिंग, आईवडिलांची नावं आणि नोंदणी क्रमांक असतो. बाळाचं नाव नंतर त्याच नोंदीत घालता येतं, पहिल्या बारा महिन्यांत त्यासाठी शुल्कही नाही. विमा कंपन्यांनाही हे नवीन नाही. त्यांच्या यादीत 'बेबी ऑफ अमुक' अशी शेकडो नावं असतात.

दिवाळीनंतर निखिलने बिननावाचा दाखला काढला आणि पोर्टलवर 'बेबी ऑफ मधुरा' अशी नोंद केली. मुदतीला आठवडा शिल्लक होता. काही दिवसांत टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेचं, ई-कार्ड आलं. गट पॉलिसीत कर्मचाऱ्याच्या हातात वेगळं शेड्यूल, म्हणजे सदस्यांची नावं आणि तारखा असलेला पॉलिसीचा तक्ता, पडत नाही, त्यामुळे ई-कार्ड आणि पोर्टलवरची सदस्य यादी हेच तपासायचं. त्यात सगळं बरोबर होतं. हा भाग इथे संपला.

अडचण

निखिल नोकरी बदलायच्या बेतात होता. जानेवारीच्या सुरुवातीला त्याने राजीनामा दिला. शेवटचा दिवस १३ फेब्रुवारी, नव्या ठिकाणी रुजू व्हायचं २ मार्चला. गट पॉलिसीचं संरक्षण साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवसासोबत संपतं, या कंपनीतही तसंच होतं. म्हणजे मधले जवळजवळ अडीच आठवडे बाळाला फक्त घरच्या पॉलिसीचाच आधार, आणि त्या पॉलिसीत बाळ अजून नव्हतंच.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या पॉलिसीत नवा सदस्य आला की पॉलिसीचं वय त्याला मिळत नाही. निखिल-मधुराची पाच वर्षांची मुरलेली पॉलिसी बाळाच्या बाबतीत पहिल्या दिवसाची पॉलिसी असते. आजारांसाठीचा सुरुवातीचा ३० दिवसांचा वेटिंग पिरियड, म्हणजे दावा न मिळण्याचा काळ, हर्निया किंवा टॉन्सिल-अॅडिनॉइडसारख्या ठरावीक आजारांचा दोन वर्षांचा (यांची यादी आणि मुदत पॉलिसीगणिक बदलते), आणि आधीपासूनच्या आजारांचा, जो आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, हे सगळे बाळासाठी समावेशाच्या तारखेपासून मोजले जातात. काही पॉलिसी नवजात बाळाला सुरुवातीचे ३० दिवस माफ करतात. या पॉलिसीत ती माफी नव्हती.

म्हणून समावेशाची तारीख ही इथली कळीची गोष्ट होती. बाळाचे ९० दिवस १६ जानेवारीला पूर्ण होत होते. त्या दिवशी समावेश झाला तर ३० दिवस १४ फेब्रुवारीला संपतात, म्हणजे गट पॉलिसी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी. उघडा राहतो तो एकच दिवस.

पर्याय

तीन मार्ग समोर होते.

पहिला, १ ऑगस्टच्या नूतनीकरणापर्यंत थांबायचं. यात कागदपत्रं सर्वांत कमी आणि मधल्या काळाचा प्रीमियमही वाचतो. मधुराच्या भावाने हेच सुचवलं होतं. पण मग फेब्रुवारीतली पोकळी तशीच राहते. शिवाय दोन वर्षांचा वेटिंग पिरियड जानेवारी २०२८ ऐवजी ऑगस्ट २०२८ पर्यंत लांबतो. लहान मुलांत अॅडिनॉइड, कानाचा त्रास, हर्निया या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही निघतात, तेव्हा हे साडेसहा महिने कागदावरचे नाहीत.

दुसरा, निखिलच्या नव्या कंपनीच्या गट पॉलिसीवर विसंबायचं. ती २ मार्चपासून मिळणारच होती. पण तीही नोकरीला बांधलेली, आणि मधल्या दिवसांना तिचा उपयोग शून्य.

तिसरा, १६ जानेवारीलाच एंडोर्समेंटचा, म्हणजे चालू पॉलिसीत बदल करण्याचा, अर्ज द्यायचा आणि त्याच दिवशी पैसे भरायचे. पैसे त्याच दिवशी भरण्यावर मी अडून बसलो होतो. विमा कायद्याच्या ६४व्हीबी कलमानुसार प्रीमियम हातात पडल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही. अर्ज आज दिला आणि पैसे दहा दिवसांनी भरले, तर ते दहा दिवस मागण्याचा कुठलाच आधार उरत नाही.

चौथा मार्ग म्हणून मधुराने विचारलं होतं की बाळासाठी वेगळीच पॉलिसी का नको. एवढ्या लहान बाळाला एकट्याने पॉलिसी सहसा मिळत नाही, किमान एक मोठा माणूस सोबत लागतो. विमा रक्कम याच एंडोर्समेंटमध्ये १५ लाख करता येईल का, हेही विचारून झालं. ती वाढ नूतनीकरणालाच मिळते. माणूस वाढला तरी फ्लोटरचे १० लाख तेच राहतात, तिघांत मिळून.

दुसरा निर्णय: काविळीचं सांगायचं का?

सदस्य वाढवण्याच्या फॉर्ममध्ये बाळाचं जन्माचं वजन, पूर्ण दिवसांचं की आधीचं, जन्मजात दोष, आणि जन्मानंतर कुठले उपचार झाले का, असे प्रश्न होते. निखिलचं म्हणणं, कावीळ सगळ्याच बाळांना होते, दोन दिवसांच्या दिव्याला काय उपचार म्हणायचं? लिहिलं तर उगीच कागद मागतील.

कागद मागणार हे त्याचं बरोबरच होतं. पण फॉर्ममध्ये प्रश्न सरळ विचारलेला होता आणि त्या उपचाराचं बिल दुसऱ्या विमा कंपनीकडे नोंदलेलं होतं. उद्या यकृताशी किंवा रक्ताशी संबंधित काहीही निघालं, तर दाव्याची छाननी करणारा माणूस पहिल्यांदा जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्डच मागवतो. तिथे 'फोटोथेरपी' आणि फॉर्ममध्ये 'नाही' असं दिसलं, तर आजाराचं राहतं बाजूला, चर्चा लपवाछपवीची सुरू होते. शेवटी खरं ते लिहिलं.

काय केलं

१६ जानेवारीला, शुक्रवारी, अर्ज ऑनलाइन गेला. कंपनीने पेमेंट लिंक पाठवली १,९७० रुपयांची. हा आकडा कुठून आला ते बघण्यासारखं आहे, कारण पुढे त्यानेच काम केलं. दोन मोठ्यांच्या पॉलिसीचा वार्षिक प्रीमियम १८,२५० आणि दोन मोठे अधिक एक मूल यांचा २१,९००. फरक ३,६५०, म्हणजे दिवसाला १० रुपये. १६ जानेवारी ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून १९७ दिवस होतात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालेला असल्यामुळे त्यावर कर नव्हता आणि आकडा स्वच्छ राहिला. पैसे त्याच संध्याकाळी भरले, पावतीही आली.

अपेक्षेप्रमाणे अंडररायटिंगकडून, म्हणजे जोखीम तपासणाऱ्या विभागाकडून, कागदांची मागणी आली: बाळाचं डिस्चार्ज कार्ड आणि बालरोगतज्ज्ञाचं, बाळ आता ठीक असल्याचं पत्र. डॉक्टर दोन दिवस बाहेरगावी होते, कागद २१ तारखेला गेले. मग शनिवार, रविवार आणि प्रजासत्ताक दिन. मंजुरी आली २७ जानेवारीला आणि त्याच दिवशी मेलवर दोन पीडीएफ आल्या, एक एंडोर्समेंटचं पत्र आणि दुसरं सुधारित शेड्यूल.

निखिलने 'आलं सगळं' असा मेसेज आणि अंगठ्याची खूण पाठवली. बहुतेक प्रकरणं इथेच बंद होतात. सुधारित शेड्यूल उघडून वाचणारे ग्राहक मी फार कमी पाहिले आहेत. नाव दिसतं का एवढं बघतात आणि फाइल बंद करतात.

शेड्यूल तपासताना काय सापडलं

एंडोर्समेंट झाल्यावर कंपनी नवीन ओळ जुन्या कागदाला जोडत नाही, सगळं शेड्यूल नव्याने छापते. त्यामुळे दोन गोष्टी बघाव्या लागतात. नव्या सदस्याची ओळ बरोबर आहे का, आणि जुन्या सदस्यांच्या ओळी होत्या तशाच आहेत का. मी जुनं शेड्यूल शेजारी ठेवून दुसरी गोष्ट आधी बघतो, कारण तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. निखिल आणि मधुराची पहिल्या पॉलिसीची तारीख २०२१ चीच होती, साठलेला बोनस तसाच होता, मधुराच्या थायरॉइडची जाहीर केलेली नोंद जागेवर होती. तिथे काही हललं नव्हतं. मी पाहिलेल्या दुसऱ्या एका प्रकरणात मात्र सून जोडताना सासऱ्यांची पहिली तारीखच बदलून चालू वर्षाची झाली होती. ते वेळेत दिसलं नसतं तर त्यांचे आधीच्या आजाराचे सगळे वेटिंग पिरियड नव्याने सुरू झाल्यासारखे दिसले असते.

बाळाच्या ओळीत दोन चुका निघाल्या.

पहिली साधी होती. लिंगाच्या रकान्यात 'एम' छापलं होतं. दाखल्यावर मुलगी, फॉर्ममध्ये मुलगी. भरणाऱ्याने बहुधा आधीच निवडलेला पर्याय तसाच सोडला असावा. ही चूक दाव्याला अडथळा करते, पण दाखला समोर ठेवला की सुटते.

दुसरी तारखेची. समावेशाच्या रकान्यात २७/०१/२०२६ होतं. एंडोर्समेंटच्या पत्रात मात्र वाक्य असं की बाळाचा समावेश १६/०१/२०२६ पासून करण्यात येत आहे, आणि जादा प्रीमियम १,९७०. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी निघालेल्या दोन कागदांत दोन तारखा.

अकरा दिवस ऐकायला किरकोळ वाटतात. निखिललाही तसंच वाटलं. पण २७ जानेवारीपासून मोजलं तर ३० दिवसांचा वेटिंग पिरियड १४ फेब्रुवारीऐवजी २५ फेब्रुवारीला संपतो. गट पॉलिसी १३ ला संपणार. म्हणजे उघडा दिवस एक नाही, बारा.

तिसरा निर्णय: भांडायचं की सोडायचं?

मधुराने कॉल सेंटरला फोन केला. पलीकडच्या मुलीचं उत्तर असं: "मॅडम, सिस्टीममध्ये मंजुरीची तारीखच येते. बाळाचं कव्हर सुरू झालेलं आहे, काळजी करू नका." मेलला आलेलं पहिलं उत्तर जरा औपचारिक, पण तेच. जोखीम अंडररायटिंगच्या मंजुरीनंतर सुरू होते, म्हणून तारीख बरोबर आहे.

हे उत्तर पोकळ नव्हतं, हे कबूल करायला हवं. अर्ज आला, पैसे आले, तरी कंपनी कागद मागवून तपासते आणि मग हो म्हणते. तोपर्यंत जोखीम घेतलेली नाही, असं ती म्हणू शकते. पत्रातही २७ तारीख असती आणि प्रीमियम २७ जानेवारीपासूनच्या १८६ दिवसांचा, म्हणजे १,८६० रुपये घेऊन ११० परत केले असते, तर आमच्या हातात फारसं काही नव्हतं. मी त्यांना तारीख सोडून द्या आणि त्या दिवसांत बाळाला जपा एवढंच सांगितलं असतं.

पण कंपनीने स्वतःच १६ तारीख लिहिली होती आणि १६ पासूनचे पैसे ठेवून घेतले होते. मंजुरीत कुठलीही नवी अट नव्हती, अर्ज होता तसा स्वीकारला होता. त्यामुळे आम्ही भांडण तत्त्वाचं केलंच नाही. दुसऱ्या मेलमध्ये अंडररायटिंग कधी संपलं, जोखीम कधी सुरू होते, यातला एकही शब्द नव्हता. फक्त तीन गोष्टी होत्या: पत्रातलं वाक्य, शेड्यूलमधली तारीख, आणि १९७ दिवस गुणिले १० रुपये हा हिशेब, सोबत १६ जानेवारीची पावती. शेवटी विनंती, की शेड्यूल तुमच्या पत्राशी जुळवून द्या, नाहीतर पत्र आणि प्रीमियम शेड्यूलशी जुळवून तसं लेखी कळवा. लिंगाची दुरुस्तीही त्याच मेलमध्ये.

हा मेल ग्राहक सेवेसोबत पॉलिसीवर छापलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावरही गेला. तिथून समाधान झालं नसतं तर विमा नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रारींचं पोर्टल होतं, पुढे विमा लोकपाल होते. तिथवर जावं लागलं नाही. असा मेल कॉल सेंटरच्या टेबलावरून पुढे सरकतो याचं कारण मला वाटतं साधं आहे. त्यात वाद घालायला जागा नसते, बेरीज तपासायची असते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरी एंडोर्समेंट निघाली, नवीन क्रमांकाची. समावेशाची तारीख १६/०१/२०२६, लिंग दुरुस्त, प्रीमियमचा फरक शून्य. नवीन शेड्यूलही आलं, आणि तेही जुन्याच्या शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. दुरुस्तीच्या एंडोर्समेंटमध्ये नवी चूक शिरण्याचे प्रकार होतात. इथे तसं झालं नव्हतं.

राहून गेलेली गोष्ट

बाळाचं नाव मात्र 'बेबी ऑफ मधुरा' असंच राहिलं. बारसं नोव्हेंबरात झालं होतं, नाव ठेवलं होतं ईरा. पण महापालिकेच्या नोंदीत नाव घालायचं काम सातारा आणि मधुराची परत कामावर जाण्याची तयारी यांत मागे पडलं. जानेवारीत एंडोर्समेंटच्या अर्जासोबत लावायला हातात होता तो बिननावाचाच दाखला. कंपनीने दाखल्याशी जुळेल तेच नाव घेतलं, जे योग्यच होतं. नावाचा दाखला हाती येईपर्यंत अर्ज थांबवायचा का, असा प्रश्न तेव्हा आला होता आणि उत्तर नाही असंच होतं. तारीख जास्त मोलाची होती.

नाव घातलेला दाखला जानेवारीच्या शेवटी मिळाला. तेव्हा तारखेचं प्रकरण चालू होतं. एका दुरुस्तीत दुसरी मिसळली तर दोन्ही रेंगाळतील, असं निखिलचं मत पडलं. नावाचं नूतनीकरणाच्या वेळी बघू, असं ठरलं.

परिणाम

१९ फेब्रुवारीच्या रात्री ईराला धाप लागली. तीन-चार दिवस सर्दी होती, त्या रात्री दूध ओढता येईना आणि बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले. नेरुळच्या एका रुग्णालयात ब्रॉन्किओलायटिसचं, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांच्या सुजेचं, निदान झालं आणि ऑक्सिजनसाठी दाखल करून घेतलं. निखिलची जुनी गट पॉलिसी संपून सहा दिवस झाले होते. शिवजयंतीची सुट्टी असल्यामुळे विमा कंपनीच्या कार्यालयात त्या दिवशी कुणी नव्हतं. शेड्यूलमध्ये काही दुरुस्त करून घ्यायचं म्हटलं असतं, तर ते तेव्हा शक्यच नव्हतं. कॅशलेसची छाननी चोवीस तास चालते, पण छाननी करणारा माणूस सिस्टीममध्ये दिसतं ते बघतो, दुरुस्ती त्याच्या हातात नसते.

तारखेने काम केलं. वेटिंग पिरियडचा प्रश्न आलाच नाही, कारण छाननी करणाऱ्याच्या पडद्यावर १६ जानेवारी होती आणि ३० दिवस उलटून गेले होते.

नावाने मात्र अडवलं. रुग्णालयाने दाखल करताना 'ईरा' लिहिलं होतं आणि ई-कार्डवर होतं 'बेबी ऑफ मधुरा'. टीपीएकडून विचारणा आली: रुग्ण आणि विमाधारक एकच असल्याचा पुरावा द्या. कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीसाठी नियामकाने एका तासाची मर्यादा घातली आहे, पण प्रश्न विचारला गेला की चेंडू रुग्णालयाकडे येतो. विमा डेस्कवर रात्री एकच जण होता. निखिलला २० हजार रुपये अनामत भरावी लागली.

सोडवणूक झाली ती दोन दाखल्यांमुळे. जुना बिननावाचा आणि नवा नावाचा, दोन्हींवर नोंदणी क्रमांक एकच, जन्मतारीख एकच, आईवडील तेच. दोन्ही एकत्र अपलोड केल्यावर सकाळी मंजुरी आली. तीन दिवसांत बाळ घरी आलं. बिल ५८ हजारांचं झालं, त्यातले ५४ हजारांच्या आसपास कंपनीने दिले. बाकी डायपर, नोंदणी शुल्क वगैरे न मिळणाऱ्या बाबी होत्या. त्या वळत्या करून उरलेली अनामत डिस्चार्जच्या वेळी परत मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, महापालिकेतलं नाव. बारसं आणि ९० दिवस यांच्यामध्ये जवळजवळ दीड महिना होता. डिसेंबरात नाव नोंदीत घातलं असतं तर जानेवारीत बाळ आपल्या नावानेच पॉलिसीत आलं असतं आणि ती रात्र बरीच सोपी गेली असती. ते झालं नाही तरी, नावाची दुरुस्ती तारखेच्या मेलमध्ये मिसळायला नको हा निखिलचा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. चूक असलीच तर ती 'नूतनीकरणाला बघू' यात होती. दुसरी एंडोर्समेंट हाती आल्यावर दुसऱ्या दिवशी नावाचा अर्ज टाकता आला असता. त्याला पैसे लागत नाहीत, वैद्यकीय छाननी लागत नाही, आणि १९ फेब्रुवारीपर्यंत ती बहुधा होऊनही गेली असती.

दुसरं, डिस्चार्ज कार्ड आणि बालरोगतज्ज्ञाचं पत्र. काविळीचं सांगायचं ठरलं, तेव्हाच हे दोन कागद मागितले जाणार हे दिसत होतं. ते १६ तारखेला अर्जासोबतच गेले असते तर पाच दिवस वाचले असते, कदाचित जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या आधी मंजुरी आली असती आणि दोन तारखांतला फरक इतका राहिला नसता.

तिसऱ्या गोष्टीवर माझं मत पक्कं नाही. काही कंपन्या ९० दिवस पूर्ण होण्याआधीच अर्ज घेऊन ठेवतात आणि समावेश नेमक्या दिवशी करतात. इथे आधी विचारून बघता आलं असतं. पण अंडररायटिंगला नव्वदाव्या दिवसाजवळचं वैद्यकीय पत्र हवं असतं, त्यामुळे फार आधी दिलेला अर्ज परतही येतो.

मार्चमध्ये तिसरी एंडोर्समेंट झाली, नावाची. आता शेड्यूलवर 'ईरा' आहे. निखिलची नवी गट पॉलिसीही सुरू झाली आहे आणि तिथे रुजू होण्याच्या दिवशीच बाळाचं नाव दिलं. पुढची तपासणी १ ऑगस्टच्या नूतनीकरणाची. तेव्हा विमा रक्कम १५ लाख करून मागायची आहे, आणि नव्या शेड्यूलमध्ये ईराच्या ओळीत समावेशाची तारीख १६/०१/२०२६ च राहते की ०१/०८/२०२६ छापून येते, हे बघायचं आहे. वाढीव ५ लाखांसाठी वेटिंग पिरियड ऑगस्टपासून नव्याने लागतील, ते ठीक. जुन्या १० लाखांसाठी मात्र जानेवारीच धरली गेली पाहिजे. त्यासाठी दुसऱ्या एंडोर्समेंटची प्रत आणि १,९७० ची पावती एकाच फोल्डरमध्ये ठेवायला मधुराला सांगितलं आहे.